पाणी उतरल्यानंतरचा निरोप

सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला पूर फुटा-इंचांत कळतो. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 वर गेली की धोका. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेसाठी हेच आकडे 40 आणि 45. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेनं 55 फूट ओलांडले, कृष्णा 57 फुटांच्याही वर गेली. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड या नेहमी आधी बुडणाऱ्या भागांच्या पलीकडे, कधी पाणी न पाहिलेल्या घरांतही नदी शिरली.

मग पाणी उतरलं. भिंतींवर चिखलाची रेघ राहिली, आणि गल्लोगल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर आभाराचे निरोप सुरू झाले. बरेचसे एकाच साच्यातले होते: संकटकाळी धावून आलेल्या सर्व ज्ञात-अज्ञात हातांना सलाम, खाली हात जोडल्याची दहा चित्रं. भावना खरी होती, यात शंका नाही. त्याच दिवसांत सांगलीत बोटीतून सुटका झालेली एक बाई जवानांच्या पाया पडतानाची चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्या वर्षी रक्षाबंधन 15 ऑगस्टलाच होतं, आणि पूरग्रस्त बायकांनी जवानांना राख्या बांधल्या. मात्र ‘ज्ञात-अज्ञात’ या दोन शब्दांत जी माणसं गडप होतात, ती प्रत्यक्षात गल्लीला चांगली ज्ञात असतात. त्यांची नावं आठवून लिहायची, तर पाणी उतरल्यानंतरचे चार-पाच दिवसच हातात असतात. पुढे घरदुरुस्ती, पंचनामा आणि शाळा यांत तपशील विरून जातात.

आभाराचा निरोप लिहायला बसलेल्यानं आधी पूर दिवसांत वाटून घ्यावा. पाणी चढतानाचे दिवस, वेढ्यातले दिवस आणि गाळाचे दिवस. पहिल्या दोन टप्प्यांतली माणसं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात: एनडीआरएफ, लष्कर, नौदल, कोल्हापूरची व्हाईट आर्मी, तालमींची पोरं. पण बोट येण्याच्या आधी रात्री दारं वाजवून म्हाताऱ्यांना उठवणारा कुणीतरी असतो. ट्रॅक्टरच्या ट्यूबवरून किंवा गुऱ्हाळाच्या काहिलीतून दूध पोचवणारा असतो. आपला वरचा मजला चार अनोळखी कुटुंबांना देणारी एखादी आजी असते. ही नावं फक्त गल्लीलाच ठाऊक असतात, म्हणून ती गल्लीनंच लिहायची.

तिसरा टप्पा हमखास सुटतो. पाणी गेल्यावर बोटी परततात, कॅमेरे परततात, आणि मागे उरतो घोटाभर गाळ, कुजलेलं धान्य आणि वास. तो गाळ फावड्यानं ओढणारे सफाई कामगार, बुडालेली डीपी तपासून, घरातलं वायरिंग ओलं आहे का ते बघून मगच वीज सोडणारा वायरमन, पाण्यात टीसीएल पावडर टाकणारा पाणीपुरवठ्याचा माणूस, आणि चिखलात पाय भिजलेल्यांना लेप्टोच्या भीतीनं ताप विचारत दारोदार फिरणारी आशाताई. यांतल्या कितीतरी जणांचं स्वतःचं घरही त्याच पाण्यात होतं. निरोपात यांच्यासाठी एक ओळ नव्हे, एक परिच्छेद राखून ठेवावा.

कौतुक कशाचं करायचं, हेही जपून ठरवावं लागतं. 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ गावी खचाखच भरलेली बोट उलटली आणि 17 जण गेले. बोटीच्या काठाशी उभ्या जमावाला ‘अजून दोघं चढा’ म्हणणारा देव वाटतो. ‘आता बास, पुढच्या खेपेला’ म्हणणारा त्या क्षणी वाईट ठरतो, शिव्याही खातो. आभाराच्या निरोपात पहिल्याच्या धाडसाची कहाणी रंगली, तर पुढच्या पुरात पोरं तेच करायला बघतील. दुसऱ्याचं नाव मात्र गल्लीनं आवर्जून घ्यावं. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणालाही बोटीत न घेणाऱ्यालाही हाच न्याय.

असा निरोप प्रत्यक्षात कसा दिसेल, त्याचा एक नमुना. गल्ली काल्पनिक आहे. मोकळ्या जागी खरी नावं यायची.

“दिनांक ____ , ____ गल्ली. आपल्या गल्लीत पाणी शिरलं मंगळवारी पहाटे आणि पूर्ण उतरलं पुढच्या सोमवारी. दत्त मंदिराच्या पायरीपासून पाण्याची रेघ छातीपर्यंत आहे. मंगळवारी पहाटे तीनला ____ यांनी एकेक दार वाजवलं, म्हणून पाणी यायच्या आत चौदा घरं रिकामी झाली. ____ काकूंनी गच्ची उघडी ठेवली. तिथे सहा दिवस रोज पिठलं-भाताची चूल पेटली. बोटीवरच्या ____ यांनी एका खेपेला आठच माणसं नेली. त्या वेळी त्यांच्यावर ओरडलो, त्याबद्दल माफी. गाळ काढायला आलेल्या बारा सफाई कामगारांना आणि वायरमन ____ यांना शनिवारी सकाळी मंदिरात चहाला बोलावलं आहे, सगळ्यांनी यावं. कुणाचं नाव राहिलं असेल, तर शुक्रवारपर्यंत कळवा, म्हणजे यादी पूर्ण करता येईल. आता जुने कपडे आणि शिजवलेलं अन्न पाठवू नये. दोन घरांना गाद्या आणि एका घराला शाळेची पुस्तकं अजून हवी आहेत.”

या नमुन्यातल्या शेवटच्या ओळींकडे विशेष लक्ष द्यायला हवं. मदतीची हाक पुरात वेगानं फिरते आणि गरज संपली तरी थांबत नाही. 2019 मध्ये पूरग्रस्त भागात नको असलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते, ते याचमुळे. पुढे पाठवलेला निरोप महिन्यांनीही कुणाच्या तरी फोनवर ताजा वाटतो. म्हणून आभाराच्या निरोपातच हाक बंद करावी, उरलेली नेमकी गरज सांगावी आणि पहिल्या ओळीत तारीख व गल्लीचं नाव घालावं.

काही गोष्टी मात्र लिहू नयेत. ज्यांना बाहेर काढलं, त्यांची नावं आणि फोटो त्यांना विचारल्याशिवाय टाकू नयेत. पाठीवरून नेलेल्या आजारी माणसाला तो क्षण जगानं पाहावा असं वाटेलच असं नाही. मदत करणाऱ्यांचे फोन नंबरही नकोत, कारण निरोप गल्लीबाहेर जातोच. तक्रारींचं पत्र वेगळं लिहावं. नाला तुंबला, पंप उशिरा आला, पंचनाम्यात घर सुटलं, हे सगळं रास्त असेल, तरी सफाई कामगाराच्या आभाराखाली ते आलं की वाचणाऱ्याच्या ध्यानात तक्रारच राहते आणि तक्रारीलाही कुणी नीट उत्तर देत नाही.

निरोप फोनवर टाकला, तरी त्याची एक प्रत कागदावर लिहून मंदिराच्या किंवा तालमीच्या फळ्यावर लावावी. सफाई कामगार, बोटवाला, शेजारच्या गावचा ट्रॅक्टरवाला गल्लीच्या ग्रुपमध्ये नसतात. ज्याचे आभार मानले त्यालाच ते कळले नाहीत, असं सर्रास होतं. मग तोच कागद मंडळाच्या वहीत चिकटवून ठेवावा. दार कुणी वाजवलं, गच्ची कुणाची उंच, काहिली कुणाकडे, बोट कुठल्या कोपऱ्यापर्यंत येऊ शकली आणि पाणी कुठल्या पायरीला टेकलं, हे सगळं त्या एका पानावर असतं.

ऑगस्ट 2019 चं पाणी उतरलं आणि दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, जुलै 2021 मध्ये, कृष्णा आणि पंचगंगा पुन्हा त्याच गल्ल्यांत आल्या.