कृष्णधवल निसर्गचित्राचे अंकीय रंगलेपन

कृष्णधवल निसर्गचित्राचे अंकीय रंगलेपन ही एकरंगी छायाचित्रावर संगणकाच्या साहाय्याने हाताने रंग चढवण्याची पद्धत आहे. मूळ छायाचित्र खालच्या स्तरावर (लेयरवर) जसेच्या तसे ठेवले जाते आणि रंग वेगळ्या स्तरांवर लावले जातात. वरचा स्तर खालच्या चित्रात कसा मिसळावा हे मिश्रणपद्धती ठरवते. एकोणिसाव्या शतकात छायाचित्रांच्या कागदी प्रतींवर जलरंगांचे पातळ थर देत असत. फेलिचे बीतो या छायाचित्रकाराच्या योकोहामा येथील चित्रशाळेत जपानी चित्रकार हे काम करीत. अंकीय पद्धतीत मूळ प्रतीला धक्का लागत नाही आणि प्रत्येक रंग नंतर बदलता येतो.

या लेखात यवतमाळ जिल्ह्यातील भूदृश्याचे उदाहरण घेऊन ही पद्धत स्पष्ट केली आहे.

## तत्त्व

कोणत्याही रंगाचे तीन गुण मानले जातात: छटा (हिरवा, निळा, तांबडा इत्यादी), तीव्रता आणि उजळपणा. कृष्णधवल छायाचित्रात यांपैकी केवळ उजळपणाची नोंद असते. त्यामुळे रंगस्तराने फक्त छटा आणि तीव्रता पुरवावी व उजळपणा छायाचित्राचाच राहावा, हे या पद्धतीचे मूळ सूत्र आहे. फोटोशॉपमधील `Color` ही मिश्रणपद्धती हे काम करते. गिंप या मुक्त प्रणालीत `HSL Color` आणि `LCh Color` असे दोन पर्याय आहेत. दुसरा पर्याय डोळ्याला जाणवणारा उजळपणा अधिक नीट राखतो, म्हणून निसर्गचित्रासाठी तो सोयीचा ठरतो. चित्र करड्या पद्धतीत साठवलेले असल्यास ते आधी `Image → Mode → RGB` येथून रंगीत पद्धतीत आणावे लागते. अन्यथा रंग लागतच नाही.

`Normal` पद्धतीत लावलेला रंग खालचे चित्र झाकून टाकतो. पानांतील सावल्या, दगडांचा खडबडीतपणा हे सारे त्याखाली नाहीसे होते.

## ऋतूची निश्चिती

रंग लावण्यापूर्वी छायाचित्र कोणत्या ऋतूतील आहे हे ठरवावे लागते, कारण एकाच जागेचे रंग वर्षभरात पूर्ण बदलतात. उदाहरणादाखल, समोर कपाशीचे शेत, मागे सागवनाचा डोंगर आणि वर आकाश असे यवतमाळ जिल्ह्यातील छायाचित्र घेता येईल. शेतात फुटलेली बोंडे पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसत असतील, तर ते पावसाळ्यातील दृश्य नव्हे. कपाशी जूनच्या पावसावर पेरली जाते आणि तिची वेचणी साधारणपणे दिवाळीच्या सुमारास सुरू होते. या काळात डोंगरावरील सागाची पाने निस्तेज हिरवी व पिवळट होऊ लागलेली असतात. डोंगर आषाढातल्या गडद हिरव्या रंगात रंगवल्यास समोरचे शेत आणि मागचा डोंगर दोन वेगवेगळ्या महिन्यांतील ठरतात. पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही, तरी चित्र खोटे वाटते.

## रंगलेपनाचे टप्पे

प्रत्येक भागासाठी स्वतंत्र स्तर तयार करून त्याची मिश्रणपद्धती `LCh Color` ठेवतात. स्तराला काळा मास्क जोडतात आणि ज्या ठिकाणी रंग हवा तेथे मऊ कडेच्या ब्रशने मास्कवर पांढरा रंग फिरवतात. चूक झाल्यास त्याच जागी काळा रंग फिरवला की ती पुसली जाते.

जमीन. कापसाची काळी जमीन चित्रात पूर्ण काळी रंगवत नाहीत. तिला अतिशय मंद तपकिरी झाक देतात. ओलसर भाग छायाचित्रातच गडद असल्याने त्याला वेगळा रंग लागत नाही.

शेत. संपूर्ण शेतावर एकच हिरवा फिरवल्यास ते रंगवलेल्या पत्र्यासारखे दिसते. उन्हातील पानांसाठी पिवळसर हिरवा आणि सावलीतील पानांसाठी किंचित निळसर हिरवा असे दोन स्तर घेतात. वेचणीच्या काळात कपाशीची काही पाने लालसर पडतात. त्यांसाठी तिसऱ्या स्तरावर तुरळक फटकारे पुरतात. हिरव्या रंगामुळे बोंडेही फिकट हिरवी होतात. म्हणून मास्कवर त्या ठिकाणी काळा रंग देऊन त्यांचा पांढरेपणा परत आणावा लागतो.

डोंगर. अंतर वाढते तसा हवेमुळे रंग मंद व निळसर होतो. त्यामुळे शेतासाठी वापरलेला हिरवा डोंगरावर तसाच वापरत नाहीत. तो निळ्याकडे झुकवून त्याची तीव्रता निम्म्याच्या आसपास आणतात.

सर्व स्तर झाल्यावर प्रत्येकाची `Opacity` कमी करून पाहतात. शंभर टक्के ठेवलेला रंग बहुधा भडक दिसतो. बहुतेक भागांना ३० ते ६० टक्के पुरतात.

## आकाशाची अडचण

जुन्या छायाचित्रांत आकाश अनेकदा कोरे पांढरे असते. आरंभीच्या काचपट्ट्या प्रामुख्याने निळ्या प्रकाशाला संवेदनशील होत्या, त्यामुळे निळे आकाश त्यांवर अतिउजळ उमटे. अशा ठिकाणी `Color` पद्धत निरुपयोगी ठरते. करड्या मोजपट्टीवर ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा धरल्यास, आकाशाचा उजळपणा २२० असताना तेथे मध्यम निळा लावला तर केवळ फिकट निळसर झाक येते. २२० ऐवजी २५५ असल्यास काहीच बदलत नाही, कारण सर्वाधिक उजळपणाचा रंग एकच असतो, तो म्हणजे पांढरा.

यावर उपाय म्हणून आकाशापुरता `Multiply` हा पर्याय वापरतात. त्यात पांढऱ्यावर लावलेला रंग तसाच उमटतो. वर थोडा गडद आणि क्षितिजाकडे जवळजवळ पांढरा होत जाणारा फिकट निळा स्तर दिल्यास आकाश नैसर्गिक वाटते. मात्र येथे छायाचित्राचा उजळपणाही बदलतो. हे आकाश नोंदीतून आलेले नसून रंगवणाऱ्याने घातलेले असते.

## दोष व पडताळणी

झाडांच्या शेंड्यांभोवती हिरवी वलये दिसणे हा नेहमीचा दोष आहे. उजळ आकाशावर सांडलेला हिरवा रंग लगेच नजरेत भरतो. मास्कची कड शेंड्यांच्या आतच ठेवल्यास तो टळतो. रंगाच्या बारीक कडा डोळा उजळपणाच्या कडांइतक्या स्पष्टपणे पाहू शकत नाही, त्यामुळे रंग पानापानाला काटेकोर लावण्याची गरज नसते. कडा किंचित मऊ ठेवलेली चालते.

मूळ उजळपणा राखला गेला की नाही हे पाहण्यासाठी सर्वांत वर करड्या रंगाने भरलेला स्तर `LCh Color` पद्धतीत ठेवतात. सर्व रंग नाहीसे होऊन उरलेले चित्र मूळ छायाचित्राशी जुळले पाहिजे. एखादा भाग वेगळा दिसला, तर तेथे चुकीची मिश्रणपद्धती वापरली गेली आहे असे समजते. `Multiply` वापरलेले आकाश या चाचणीत अर्थातच वेगळे दिसते.

## मर्यादा

करड्या छटेवरून मूळ रंग शोधून काढता येत नाही. तांबड्या प्रकाशाला संवेदनशील नसलेल्या जुन्या फिल्मवर पळसाची केशरी फुले गडद दिसतात आणि ती पानांच्या सावलीत मिसळून जाऊ शकतात. त्यामुळे रंगलेपन हा ऋतू, पीक आणि माती यांच्या माहितीवर आधारलेला अंदाज असतो. रंगवलेले चित्र जितके नैसर्गिक, तितके ते मूळ रंगीत छायाचित्र समजले जाण्याची शक्यता अधिक. गावाच्या अथवा शेतीच्या इतिहासासाठी असे चित्र वापरताना ते नंतर रंगवलेले आहे हे चित्राखाली नमूद करतात आणि मूळ कृष्णधवल प्रत स्वतंत्रपणे जतन करतात.