पावसाळ्यातला कॅरोसेल दिवाळीसाठी

इन्स्टाग्रामवर एकामागून एक सरकवत बघायच्या चित्रांच्या पोस्टला कॅरोसेल म्हणतात. चांगला चाललेला कॅरोसेल पुढच्या हंगामात पुन्हा वापरता येतो, मात्र आहे तसा नाही. प्रसिद्ध झालेल्या पोस्टचा मजकूर, म्हणजे कॅप्शन, नंतर बदलता येते. पण स्लाइडवर छापलेली चूक तिथेच दुरुस्त करता येत नाही. शिवाय कॅप्शन बदलल्याने जुनी पोस्ट लोकांसमोर पुन्हा येत नाही. म्हणून सुधारलेला कॅरोसेल नवी पोस्ट म्हणूनच टाकावा लागतो.

समजा, भटकंतीच्या एका पानाने जुलै 2024 मध्ये ‘पावसाळ्यात पाहावेत असे 7 किल्ले’ हा कॅरोसेल टाकला होता. त्यात राजगड, लोहगड, विसापूर, सिंहगड, प्रतापगड, कोरीगड आणि हरिश्चंद्रगड होते. पोस्ट 20,000 जणांपर्यंत पोचली आणि 900 जणांनी ती सेव्ह केली. लाइकपेक्षा हा सेव्हचा आकडा मोलाचा, कारण जायचा बेत असलेला माणूसच अशी पोस्ट जपून ठेवतो. आता तीच यादी 2025 च्या दिवाळीच्या सुट्टीसाठी हवी आहे.

सर्वात जास्त वेळ माहिती तपासण्यात जातो. हरिश्चंद्रगडाच्या स्लाइडवर ‘जिल्हा अहमदनगर’ असेल, तर ते आता अहिल्यानगर करायला हवे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांपैकी 11 महाराष्ट्रात आहेत आणि जिंजी तमिळनाडूत. इथे घाईने सातही स्लाइडवर ‘जागतिक वारसा’ असा शिक्का मारण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात या सातांपैकी राजगड, लोहगड आणि प्रतापगड हे तीनच त्या यादीत आहेत. सिंहगड नाही, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. अशी एक चूक राहिली की कमेंटमध्ये किल्ल्यांऐवजी चुकीचीच चर्चा रंगते. वाटा, तिकिटे आणि वेळा या गोष्टीही जुन्या पोस्टवरून न उचलता नव्याने विचारून घ्याव्यात.

काही माहिती खरी असूनही हंगामाबरोबर निरुपयोगी होते. विसापूरच्या पायऱ्यांवरून वाहणारे पाणी हेच त्या स्लाइडचे आकर्षण होते. दिवाळीपर्यंत ते ओसरलेले असते. त्याच्या जागी सिंधुदुर्ग घेता येतो. मालवणहून तिथे जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, म्हणून जुलैच्या यादीत तो बसत नव्हता. तोही जागतिक वारशातला असल्याने नव्या यादीत असे चार किल्ले होतात. जुन्या कमेंटमध्ये ‘लहान मुलांना नेता येईल का?’ हा प्रश्न वारंवार आला असेल, तर त्याचे उत्तर प्रत्येक स्लाइडवर एका ओळीत द्यावे. काय सुधारायचे हे वाचकांनीच तिथे लिहून ठेवलेले असते.

पहिल्या स्लाइडचे, म्हणजे कव्हरचे, चित्र बदलावे. तिचे आश्वासन बदलू नये. लोकांनी सेव्ह केली ती ‘7 किल्ल्यांची’ यादी, तेव्हा आकडा आणि मांडणी तशीच ठेवून धुक्यातल्या हिरव्या डोंगराऐवजी स्वच्छ उन्हातला तट घ्यावा. मापाकडेही लक्ष हवे. 2025 च्या सुरुवातीपासून प्रोफाइलवरच्या चौकटी चौरस न राहता 3:4 अशा उभ्या झाल्या आहेत. जुनी 1080 बाय 1080 ची स्लाइड तिथे दोन्ही बाजूंनी सुमारे 135 पिक्सेल कापली जाते आणि कडेला टेकलेल्या शीर्षकाची अक्षरे जातात. 1080 बाय 1350 मध्ये ही काट प्रत्येक बाजूला 34 पिक्सेलच्या आसपास राहते.

कॅप्शनची सुरुवातीची एखादी ओळच न उघडता दिसते. ‘पहिला पाऊस पडला की…’ ही सुरुवात ऑक्टोबरमध्ये शिळी वाटणार. ‘अंगणात मातीचा किल्ला झाला, आता मुलांना खरा दाखवा’ ही ओळ दिवाळीतल्या घराघराशी जोडली जाते आणि कोणासाठी लिहिले आहे तेही सांगते. ‘या रविवारी’, संपलेली सवलत, जुन्या सहलीची नोंदणी अशी लोंबकळणारी वाक्ये काढून टाकावीत. यादीत काय बदलले, तेही एका ओळीत सांगावे. नाहीतर जुने वाचक ‘हे आधी पाहिलंय’ म्हणून पुढे सरकतात.

निकाल पाहताना नुसत्या आकड्यांची तुलना फसवी ठरते. नवी पोस्ट 8,000 जणांपर्यंत पोचली आणि 380 सेव्ह आले, तर प्रमाण पावणेपाच टक्के होते. जुन्या पोस्टचे साडेचार होते, म्हणजे पोच कमी असूनही मजकूर तितकाच उपयोगी ठरला. प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आले, तर बदल वरवरचे झाले किंवा मागच्या वेळी सेव्ह करणाऱ्यांनाच तीच यादी पुन्हा दिसली, अशी शंका घ्यावी. जुनी पोस्ट काढायची घाई करू नये. पुढच्या जूनमध्ये ती पुन्हा शोधली जाईल. तिच्या कॅप्शनमध्ये जिल्ह्याचे नवे नाव घातले की पुरे. जीवावर बेतेल अशी चुकीची वाट त्यात असेल, तर मात्र ती अर्काइव्ह करावी. त्यामुळे ती लोकांना दिसत नाही, पण लाइक आणि कमेंट शाबूत राहतात.