घर एकीला, पत्र तिघांना

बक्षीसपत्रात कारणाची ओळ ठरलेली असते: ‘नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी’. नोंदणीला ती पुरते, पण इतर भावंडांना नेमकी तीच टोचते. आमच्यावर प्रेम नव्हतं का? म्हणून दस्त होण्याआधीच आई-वडिलांनी सगळ्या मुलांना एकच पत्र लिहावं. प्रत्येकाला वेगळं लिहिलं, की कुणाला काय सांगितलं यावरूनच वाद पेटतो.

समजा, नाशिकचे एक निवृत्त शिक्षक घर धाकट्या मुलीला देणार आहेत. थोरला बंगळुरूला, मधली पुण्यात, धाकटी त्यांच्याजवळ. पहिला प्रश्न घर कुणाचं हा. वडिलोपार्जित असेल, तर हिंदू कुटुंबात 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही त्यात जन्मतः वाटा असतो आणि वडिलांना ते एकट्याच्या मर्जीने देता येत नाही. स्वकष्टार्जित असेल तर देता येतं. म्हणून जमीन कधी घेतली, कर्ज कुणी फेडलं, हे पत्राच्या सुरुवातीलाच यावं.

मग कारण. ‘ती आमची सेवा करते’ एवढंच लिहिलं, तर दूर राहणाऱ्यांना तो ठपका वाटतो. त्यापेक्षा हिशोब मांडावा: ‘थोरल्याच्या शिक्षणाला आम्ही 12 लाख दिले. मधलीच्या फ्लॅटसाठी 10 लाख दिले. धाकटीने काही घेतलं नाही. गच्चीची दुरुस्ती आणि आईचं ऑपरेशन तिने केलं. आज घराची किंमत या रकमांपेक्षा जास्त आहे, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून बँकेतल्या ठेवी तुम्हा दोघांच्या नावे मृत्युपत्रात ठेवल्या आहेत.’ वाटण्या समान नाहीत, हे आई-वडिलांनीच कबूल केल्यावर मुलांना ते शोधून काढावं लागत नाही.

पत्राने मालकी मात्र बदलत नाही. त्यासाठी दोन साक्षीदारांच्या सह्यांचं नोंदणीकृत बक्षीसपत्र लागतं आणि देणारा हयात असतानाच मुलीने ते स्वीकारावं लागतं. महाराष्ट्रात मुलाला किंवा मुलीला राहतं घर देताना मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. काही ठिकाणी स्थानिक अधिभार वेगळा पडतो.

एकदा दिलेलं घर केवळ मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. त्यामुळे दोघांचा हयातभर राहण्याचा हक्क आणि सांभाळ करण्याची अट पत्रात नव्हे, दस्तातच घालावी. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 अशा अटीवरच उभं आहे: मुलीने सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण बक्षीसपत्र रद्द करू शकतं. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईचं मुलाला दिलेलं बक्षीसपत्र याच कलमाखाली रद्द ठरवलं.

पत्र आणि दस्त शेजारी ठेवून वकिलाकडून वाचून घ्यावेत. दस्तात घर पूर्ण धाकटीचं आणि पत्रात ‘पुढे तिघं मिळून ठरवा’ असं असेल, तर ते वाक्य सहीआधी खोडायला हवं. थोरल्याला आणि मधलीला दस्ताच्या निदान महिनाभर आधी पत्र मिळालं, तर त्यांचे प्रश्न आई-वडिलांसमोरच विचारले जातात.