वॉर्डातल्या सिस्टरांचं शिफारसपत्र

महाराष्ट्रात एम.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेताना शिफारसपत्राचं फारसं काम पडत नाही. तिथे सीईटीचे गुण, बी.एस्सी.ची टक्केवारी आणि पदवीनंतर किमान वर्षभर काम केल्याचा दाखला पाहतात. ब्रिटनमधली अनेक विद्यापीठं मात्र शिफारसपत्रं मागतात. एक पत्र बहुधा कॉलेजातल्या शिक्षकांचं असतं. दुसरं वॉर्डातल्या इनचार्ज सिस्टरांचं, म्हणजे सरकारी भाषेत परिसेविकांचं, चालू शकतं.

या दोघांनी एकच गोष्ट सांगितली, तर दुसरं पत्र वाया जातं. गुण, प्रकल्प, अभ्यासातली पकड हा शिक्षकांचा प्रांत. सिस्टरांनी लिहायचं ते रुग्णाच्या खाटेपाशी स्वतः पाहिलेलं. म्हणून विद्यार्थिनी कोणत्या वॉर्डात, किती आठवडे, कोणत्या पाळीत आपल्या हाताखाली होती, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगावं. पुढच्या प्रत्येक विधानाचं वजन त्यावर ठरतं.

‘मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ’ ही विशेषणं प्रत्येकच पत्रात सापडतात. निवड करणाऱ्याला हवा असतो प्रसंग.

समजा, सर्जिकल वॉर्डात शस्त्रक्रिया झालेला साठ किलो वजनाचा रुग्ण आहे. अशा रुग्णाला ताशी साधारण 30 मिलीलीटर तरी लघवी व्हायला हवी. विद्यार्थिनीला लागोपाठ दोन तास ती 15 मिलीलीटरच्या आसपास दिसते. ती आधी कॅथेटरची नळी कुठे दुमडली नाही ना, हे पाहते. मग नाडी आणि रक्तदाब मोजते, तक्त्यात नोंद करते आणि आकड्यांसह सिस्टरांना कळवते. सिस्टर डॉक्टरांना बोलावतात. हे चार-पाच ओळींत लिहिलं, की मुलीला आकड्यांचा अर्थ कळतो, ती सोपं कारण आधी तपासते आणि वेळेवर वरिष्ठांना सांगते, हे वेगळं लिहावं लागत नाही. रुग्णाचं नाव, खाट क्रमांक, केस पेपरचा क्रमांक मात्र पत्रात येता कामा नये.

उणीवही लिहावी. ‘सुरुवातीला पाळी बदलताना माहिती देताना अडखळायची, महिनाभरात मुद्दे लिहून आणू लागली’, असं वाक्य पत्राची विश्वासार्हता वाढवतं.

घोळ होतो तो घाईमुळे. विद्यार्थिनी स्वतःच मजकूर टाइप करून आणते, सिस्टर सही करतात. मग दोन पत्रांत तीच वाक्यं, तीच शैली दिसते आणि संशय येतो. लेटरहेड, तारीख, पद आणि शक्यतो रुग्णालयाचा अधिकृत ईमेल नसेल, तर पडताळणी अडते. काही विद्यापीठं पत्र विद्यार्थ्याकडून न घेता थेट सिस्टरांकडूनच मागवतात.

सरकारी रुग्णालयात लेटरहेड आणि जावक क्रमांकासाठी मेट्रनच्या कार्यालयात खेपा पडू शकतात. त्यामुळे अभ्यासक्रमाची माहिती, वॉर्डातल्या कामाच्या तारखा आणि अर्जाची मुदत हे सगळं एका कागदावर लिहून सिस्टरांना निदान तीन-चार आठवडे आधी द्यावं.