फंड आठ टक्के वर, मग आपले पैसे कमी कसे?

वर्ष संपले की म्युच्युअल फंडाचा परतावा वर्तमानपत्रात छापून येतो आणि त्याच सुमारास घरोघरी आपापल्या खात्याचा उताराही पाहिला जातो. पुष्कळदा हे दोन आकडे जुळत नाहीत. छापलेला आकडा नफा सांगतो, उतारा तोटा दाखवतो. मग शंका सुरू होतात. एजंटने फसवले का? कंपनीने काही कापून घेतले का? पैसे एकाच घरातल्या दोघांचे असतील, तर शंका एकमेकांवरही येते. बहुतेक वेळा कुणीच काही खाल्लेले नसते. दोन्ही आकडे खरे असतात, फक्त ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे असतात. वर्षाच्या मध्येच कुणी नवी रक्कम घातली असेल, तर हा फरक फार मोठा होतो. एका भावाबहिणीचे उदाहरण घेऊन आपण तो वहीवर मांडून पाहू. फरक नीट दिसावा म्हणून आकडे सोपे घेतले आहेत.

समजा, मोठ्या भावाने १ जानेवारीला एका शेअर फंडात १,००,००० रुपये घातले. त्या दिवशी एका युनिटचा भाव, म्हणजे एनएव्ही, ५० रुपये होता. त्याला २,००० युनिट मिळाले. जूनअखेर भाव ६० झाला आणि त्याचे लाखाचे १,२०,००० दिसू लागले. सहा महिन्यांत वीस टक्के! हे ऐकून धाकट्या बहिणीने वडिलोपार्जित जमिनीच्या हिश्शातून आलेले ३,००,००० रुपये भावाच्या हाती दिले आणि म्हणाली, "भाईजान, हेही तिथेच ठेवा." भावाने १ जुलैला ६० च्या भावाने ती रक्कम आपल्याच खात्यात घातली. ५,००० युनिट आले. स्टॅम्प ड्युटीचे पंधरा रुपये तेवढे आपण हिशेबातून सोडून देऊ. आता खात्यात ७,००० युनिट झाले आणि त्यांची किंमत ४,२०,०००.

पुढच्या सहा महिन्यांत बाजार उतरला. ३१ डिसेंबरला भाव ५४ झाला. ७,००० युनिटांची किंमत झाली ३,७८,०००. दोघांनी मिळून घातले होते ४,००,०००, म्हणजे तोटा २२,०००. आणि फंड? ५० चा भाव ५४ झाला, म्हणजे वर्षभरात आठ टक्के वाढ. बहिणीने विचारले, "फंड आठ टक्के वाढला म्हणतात, मग माझे पैसे कमी कसे झाले?" प्रश्न अगदी रास्त आहे.

आधी आठ टक्क्यांकडे पाहू. हा आकडा काढताना वर्षाचे दोन तुकडे केले जातात. जिथे नवी रक्कम आली, तिथेच काप द्यायचा. पहिल्या तुकड्यात ५० चे ६० झाले, म्हणजे एका रुपयाचा १.२० झाला. दुसऱ्यात ६० चे ५४ झाले, म्हणजे एका रुपयाचे ०.९० राहिले. आता दोन्ही तुकड्यांचा गुणाकार करायचा:

१.२० × ०.९० = १.०८

हेच आठ टक्के. वीसमधून दहा वजा करून दहा टक्के म्हणणे चूक आहे, कारण दुसऱ्या वेळची दहा टक्के घट वाढलेल्या रकमेवर झाली. या परताव्याला टाइम-वेटेड रिटर्न म्हणतात. मराठीत त्याला काळभारित परतावा म्हणू. यात प्रत्येक तुकड्याला त्याचे स्थान आहे, पण त्या काळात खात्यात एक लाख होते की चार लाख, याला किंमत नाही. जानेवारीत घातलेला आणि वर्षभर न हलवलेला एक रुपया कुठे पोहोचला, एवढेच तो सांगतो.

फंड चालवणाऱ्याला जोखायचे तर हेच माप योग्य आहे, कारण बहीण जुलैत तीन लाख घेऊन येणार हे त्याने ठरवले नव्हते. ग्राहकाने पैसे कधी आणावेत यावर त्याचा ताबा नसतो. म्हणूनच श्रीमंत ग्राहकांचे पैसे वेगवेगळे सांभाळणाऱ्या पोर्टफोलिओ मॅनेजरांनी आपली कामगिरी काळभारित पद्धतीनेच दाखवावी, असा सेबीचा २०२० पासूनचा नियम आहे. म्युच्युअल फंडात हे काम एनएव्हीच करते. सुरुवातीचा आणि शेवटचा भाव घेतला की काळभारित परतावा मिळतो. मात्र मधून मधून रक्कम वाटणारा पर्याय घेतलेला असेल, तर वाटप झाल्यावर भाव तेवढा खाली येतो. तिथे नुसते दोन भाव पाहून चालत नाही.

आता दुसरा प्रश्न: या खात्यातल्या पैशांचे खरोखर काय झाले? इथे रक्कम मोजावी लागते. वीस टक्के वाढ झाली तेव्हा मैदानात फक्त एक लाख होते. दहा टक्के घट झाली तेव्हा चार लाख वीस हजार होते. थोड्या पैशाने चढण पाहिली आणि पुष्कळ पैशाने उतार. याचा हिशेब ठेवणाऱ्या मापाला मनी-वेटेड रिटर्न, म्हणजे रक्कमभारित परतावा म्हणतात.

तो कागदावर जवळपास काढता येतो. एक लाख पूर्ण वर्ष राहिले, म्हणून ते पूर्ण धरायचे. तीन लाख अर्धे वर्ष राहिले, म्हणून त्यांचे दीड लाख धरायचे. वर्षभर सरासरी अडीच लाख कामाला होते असे झाले. तोटा २२,०००. त्याला अडीच लाखांनी भागले की ८.८ टक्के तोटा येतो. ही रीत अमेरिकेतल्या पीटर डिट्झ यांच्या नावाने ओळखली जाते. पेन्शन फंडांची कामगिरी मोजण्यावर त्यांचे पुस्तक १९६६ मध्ये निघाले होते.

नेमका आकडा हवा असेल तर संगणकावरच्या तक्त्यात तीन ओळी भरा. A या स्तंभात तारखा आणि B मध्ये रकमा. घातलेल्या रकमा वजा चिन्हाने, म्हणजे -100000 आणि -300000, आणि शेवटची किंमत अधिक, म्हणजे 378000. मग हे सूत्र:

```
=XIRR(B1:B3,A1:A3)
```

उत्तर साधारण वजा ८.७ टक्के येते. मोबाइल अॅपवर XIRR म्हणून दिसतो तो हाच आकडा. वजा चिन्ह द्यायचे राहिले तर आकड्याऐवजी #NUM! असे दिसते. तसे दिसले की आधी चिन्हे तपासावीत.

काही अॅप याखेरीज तिसरा आकडाही दाखवतात. २२,००० भागिले चार लाख, म्हणजे साडेपाच टक्के तोटा. यात पैसा किती काळ राहिला हे पाहिलेलेच नाही. सहा महिने राहिलेल्या तीन लाखांना वर्षभर राहिल्यासारखे धरले, म्हणून तोटा सौम्य दिसतो.

रक्कमभारित आकडा फंडाचा गुण किंवा दोष सांगत नाही, हे पटण्यासाठी वर्ष उलटे करून पाहू. भाव आधी ५० वरून ४५ झाला आणि मग ४५ वरून ५४. फंड याही वर्षी आठच टक्के वर. पण बहिणीच्या तीन लाखांत आता ४५ च्या भावाने साधारण ६,६६७ युनिट आले असते आणि डिसेंबरात तिची रक्कम ३,६०,००० झाली असती. भावाचे १,०८,००० धरून खात्यात ४,६८,०००. रक्कमभारित परतावा सुमारे २८ टक्के. तोच फंड, तोच आठ टक्के, पण एका वर्षी वजा ८.७ आणि दुसऱ्या वर्षी अधिक २८. हा सारा फरक पैसे कोणत्या दिवशी आले याचा आहे. म्हणून दोन फंडांची तुलना करताना काळभारित आकडा घ्यावा, आणि मुलीच्या शिक्षणासाठी ठरवलेली रक्कम जमते आहे का हे पाहताना रक्कमभारित.

XIRR वाचताना एक सावधगिरी हवी. तो प्रत्येक काळ वर्षाच्या मापात ताणतो. बहिणीचे एकटीचे पैसे घेतले, तर सहा महिन्यांत दहा टक्के घट झाली. XIRR मात्र वजा १९ टक्के दाखवेल, कारण असेच आणखी सहा महिने चालले तर काय होईल, हे तो गृहीत धरतो. पैसे घालून वर्ष झालेले नसेल, तर साधी टक्केवारीच पाहावी.

आता घरातला नाजूक भाग. ३,७८,००० दोघांत वाटायचे कसे? पुष्कळ जण म्हणतील, एकास तीन. भावाला ९४,५०० आणि बहिणीला २,८३,५००. दिसायला हे न्याय्य आहे, पण असे केले तर भावाचे १३,५०० बहिणीकडे जातात. बाजार उलट्या क्रमाने चालला असता, तर याच रीतीने बहिणीचे ९,००० भावाकडे गेले असते. "आठ टक्के प्रत्येकाला" असेही करता येत नाही, कारण तेवढे पैसे खात्यात नाहीतच. बरोबर वाटप युनिटांवर होते. भावाचे २,००० युनिट गुणिले ५४, म्हणजे १,०८,०००. बहिणीचे ५,००० युनिट गुणिले ५४, म्हणजे २,७०,०००. भावाला आठ हजार नफा, बहिणीला तीस हजार तोटा, आणि दोन्ही मिळून तोच २२,००० चा तोटा. बहिणीला हे कटू वाटेल. पण तिच्या तीस हजारांतला एक रुपयाही भावाकडे गेलेला नाही, हे तिला वहीत दिसेल.

खात्यात एकच फंड असेल तर युनिट आपोआप नोंदले जातात. पण भावाच्या नावावर चार-पाच फंड आणि काही शेअर एकत्र असतील, तर नवी रक्कम आली त्या दिवशी सगळ्याची मिळून किंमत किती होती, हे लिहून ठेवावेच लागते. ती नोंद नसेल तर वर्षाला काप देता येत नाही आणि कुणाचा वाटा किती हेही सांगता येत नाही. तेव्हा घराच्या वहीत रक्कम आली त्याच दिवशी चार गोष्टी लिहाव्यात: तारीख, कुणाची रक्कम, आधीची एकूण किंमत आणि त्या दिवशी मिळालेले युनिट. खाली दोघांच्या सह्या.

त्याहून चांगले म्हणजे बहिणीचे खाते तिच्याच नावाने उघडावे. भावाच्या खात्यातले युनिट कागदोपत्री भावाचे असतात. विकल्यावर कर त्याच्या नावावर लागतो, आणि उद्या त्याचे काही बरेवाईट झाले तर ते त्याच्या वारसांच्या हिशेबात धरले जाण्याची भीती असते. अमानत असलेली रक्कम कुणाच्या तरकेत मिसळू नये. वेगळ्या खात्यात तिला स्वतःचा वजा दहाचा आकडा दिसला असता आणि भावाला त्याचा अधिक आठचा.