हे मावशीला कसं कळलं?

कोथरूडमधलं एक जोडपं समजा. लग्नाला चार वर्षं झालीत. मूल होत नाही म्हणून दोघांच्या तपासण्या झाल्या आणि नवऱ्याच्या रिपोर्टमध्ये शुक्राणूंची संख्या कमी आली. डॉक्टरांनी सांगितलं, एका रिपोर्टवर काही ठरवू नका, तीन महिन्यांनी पुन्हा करू. शरीरात शुक्राणू नव्याने तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून एवढं थांबायचं. घरी येताना तो तिला एवढंच म्हणाला, ‘‘कुणाला बोलू नकोस.’’ ती ‘‘नाही रे’’ म्हणाली, आणि तेव्हा तिला तसंच वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात तिने सांगलीला आईला फोनवर सगळं सांगितलं. तिची बाजूही ऐकली पाहिजे. चार वर्षं प्रत्येक हळदीकुंकवाला ‘‘काय, गोड बातमी कधी?’’ हा प्रश्न तिलाच येत होता. सासरकडच्या एका बाईंनी तर ‘‘वजन कमी कर, म्हणजे होईल’’ असा सल्लाही दिला होता. दोष आपल्यात नाही, हे जगात एका तरी माणसाला कळावं असं तिला वाटलं. आईने बहिणीला सांगितलं, अर्थातच ‘‘कुणाला बोलू नकोस’’ अशी ताकीद देऊन.

दोन महिन्यांनी सांगलीतच एका बारशाला दोघं गेली. निघताना मावशीने त्याला बाजूला घेऊन हातात स्टीलचा डबा ठेवला. ‘‘जावईबापू, अश्वगंधा आहे. रात्री दुधातून घ्या. लाजायचं काय त्यात? आमच्या दिरांना चांगला गुण आला.’’ मावशीचा हेतू शंभर टक्के चांगला होता. त्याने डबा घेतला, वाकून नमस्कार केला आणि गाडी सुरू केली. कराड मागे पडलं, सातारा मागे पडलं, तो बोलला नाही. डबा मागच्या सीटवर होता.

माहितीचा हा प्रवास कसा होतो, यावर सँड्रा पेट्रोनियो या अमेरिकन संवाद-अभ्यासक बाईंनी १९९१ पासून बरंच काम केलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की खासगी गोष्ट आपण कुणाला सांगितली की तो माणूस तिचा सहमालक होतो. सातबाऱ्यावर दुसरं नाव चढावं तसं म्हणा हवं तर. पुढे कुणाला, किती आणि कधी सांगायचं हे मग सगळ्या मालकांनी मिळून ठरवायचं. आपण ते ठरवतच नाही, ‘कळतं की त्याला’ असं धरून चालतो. इथे रिपोर्ट त्याचा होता, पण त्याच्यामुळे येणारे टोमणे तिचे होते. म्हणजे तिच्याकडे सांगण्यासारखं स्वतःचं काही नव्हतं असं नाही. ‘‘आई, उपचार चालू आहेत. लोक मलाच बोलतात त्याचा फार त्रास होतो. तू तरी त्यांना गप्प कर,’’ एवढं तिच्या मालकीचं होतं. आकड्यासकट रिपोर्ट नव्हता. ही रेघ मारणं बोलायला सोपं आहे, रात्री साडेदहाला रडू फुटलेलं असताना सोपं नाही, हे मान्य.

भांडणांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते, आणि माझ्या मते ती जास्त घातक आहे. आईच्या कानावर फक्त भांडण जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने न सांगता चहा केला, तिने त्याच्या शर्टाला इस्त्री केली आणि विषय मिटला, हे सांगायला कुणी फोन करत नाही. त्यामुळे नवरा-बायकोच्या वहीत जमा आणि खर्च दोन्ही असतात, आईच्या वहीत नुसता खर्च. वर्षभराने ती जावयाशी तुटक वागू लागते, तेव्हा त्याला कारण कळत नाही आणि मुलीला आपण काय सांगितलं होतं ते आठवतसुद्धा नाही. हे बायकाच करतात असं कुणी समजू नये. आईजवळ बसून बायकोच्या उधळेपणाचा हिशोब मांडणारे आणि तिच्या मेसेजचे स्क्रीनशॉट मित्रांच्या ग्रुपवर टाकून सल्ला मागणारे पुरुष काही कमी नाहीत.

सांगितल्यावर बरं वाटतं, हीच खरी अडचण आहे. कुटुंबोपचारातले मरे बोवेन याला त्रिकोण म्हणत. दोघांतला ताण असह्य झाला की तिसऱ्याला ओढलं जातं, ताण उतरतो आणि मूळ प्रश्न दोघांमध्ये तसाच पडून राहतो. फोन ठेवल्यावर ‘जाऊ दे, आता त्याच्याशी कशाला बोलायचं’ असं वरचेवर वाटत असेल, तर त्रिकोण पक्का झाला म्हणायला हरकत नाही.

गंमत म्हणजे या गुपिताची काळजी कायद्यालाही आहे. लग्न चालू असताना जोडीदाराने आपल्याला जे सांगितलं, ते कोर्टात उघड करायला सहसा भाग पाडता येत नाही, असं कलम १८७२ च्या पुरावा कायद्यात होतं आणि २०२३ च्या नव्या कायद्यातही आहे. दोघं एकमेकांविरुद्धच कोर्टात उभी राहिली तर ते लागू होत नाही. मावशीला तर कुठलंच कलम लागू होत नाही.

आपल्या जोडप्याकडे परत येऊ. त्याने आरडाओरडा केला नाही. त्याने फक्त सांगणं थांबवलं. ऑफिसात साहेबांशी वाजलं ते नाही, पगारवाढ हुकली ते नाही. विश्वास गेल्याची खूण बहुतेकदा हीच असते. बोलणं चालू राहतं, पण भाजी, लाइटबिल आणि गॅस सिलिंडरपुरतं. तिसरा महिना आला, तो तपासणीला गेला नाही. ‘‘वेळ नाही,’’ म्हणाला. रिपोर्ट चांगला येवो की वाईट, तो सांगलीला पोचणार, हे त्याने धरलंच होतं.

ती आधी तेच म्हणाली जे बहुतेक जण म्हणतात. ‘‘आईच आहे, परकी थोडीच? आणि मी खोटं काय सांगितलं?’’ खरं-खोट्याचा प्रश्नच नव्हता. त्यानेही रागाच्या भरात ‘‘आईशी बोलूच नकोस’’ असं म्हणून बघितलं. तो तर निव्वळ जाच झाला, तिने ऐकलं नाही ते बरं केलं. उपयोग झाला तो एका अवघड संध्याकाळचा. तिने स्वतः होऊन सांगितलं की कुणाला किती माहीत आहे. आई, मावशी आणि ऑफिसमधली एक मैत्रीण. मैत्रिणीचं त्याला माहीतच नव्हतं. ते ऐकून तो पुन्हा दोन दिवस गप्प झाला, पण पुढे कधीतरी तिसरीकडून कळण्यापेक्षा ते परवडलं. मग तिने आईला फोन केला, त्याच्यासमोर. ‘‘ती गोष्ट माझी नव्हती गं सांगायची. आता कुणापाशी काढू नकोस, त्याच्यापाशी तर नाहीच.’’ आईने ऐकलेलं विसरणं शक्य नव्हतं, विषय काढणं थांबवणं शक्य होतं. पुढचं दोघांनी ठरवलं. एकमेकांचं शरीर, पैसा आणि अंथरूण यांतलं काहीही विचारल्याशिवाय बाहेर जायचं नाही. मन मोकळं करायला प्रत्येकाचं एक माणूस, आणि ते दुसऱ्याला मान्य असलेलं. तिने थोरली बहीण सांगितली. त्याने मित्राचं नाव घेतलं, त्यावर तिने नाक मुरडलं, मग दुसरा मित्र ठरला.

हा करार मारहाणीला, धमकीला, पैसे काढून घेण्याला लागू नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. तिथे ‘घरातलं घरातच राहू दे’ हे वाक्य तोंड बंद करायला वापरलं जातं. अशा वेळी आईला, मैत्रिणीला, १८१ या महिला हेल्पलाइनला ताबडतोब सांगावं, परवानगी कसली विचारायची? ओळखायची खूण साधी आहे. सांगितल्यावर नवऱ्याला वाईट वाटेल म्हणून थांबलात तर तो संकोच. सांगितल्यावर तो काय करेल या भीतीने थांबलात, तर सांगायलाच हवं.

तपासणी तिसऱ्या महिन्याऐवजी पाचव्या महिन्यात झाली. तो एकटाच जाऊन आला. मधे एकदा आईने फोनवर विचारलं, ‘‘रिपोर्टचं काय झालं गं?’’ ती म्हणाली, ‘‘त्याला वाटलं तर तो सांगेल,’’ आणि आईच्या गुडघ्यांची चौकशी करू लागली. तो शेजारच्या खोलीत होता. रिपोर्टचा कागद त्याच्या बॅगेत आदल्या दिवसापासून पडलेला होता. तो त्याने तिला आणखी एक दिवस जाऊ देऊन दाखवला.