एकाच ॲपच्या तीन आवृत्त्या आणि त्यांच्या शाखा

मोबाइल ॲपची नवी आवृत्ती तयार झाली, तरी ती लगेच लोकांच्या फोनवर पोहोचत नाही. आधी ॲपल किंवा गुगलच्या स्टोअरची तपासणी व्हावी लागते. ती कधी एका दिवसात उरकते, तर कधी आठवडाभर लांबते. मंजुरीनंतरही आवृत्ती टप्प्याटप्प्याने सोडता येते. ॲपलच्या पद्धतीत, आपोआप अपडेट होणाऱ्या फोनांपैकी पहिल्या दिवशी 1 टक्क्याला, मग 2, 5, 10, 20, 50 आणि सातव्या दिवशी सर्वांना ती मिळते. त्यामुळे एखाद्या बस-तिकिटाच्या ॲपची 4.6 लोकांच्या हातात, 4.7 तपासणीत आणि 4.8 लिहिली जात असलेली, असे चित्र नेहमीचेच.

अशा वेळी प्रोग्रॅमचा मजकूर एकाच धाग्यावर ठेवून चालत नाही. गिटमध्ये रोजचे काम `main` या मुख्य शाखेवर होते. आवृत्ती पाठवायची वेळ आली की तिथूनच `release/4.7` अशी शाखा काढतात. तिच्यात नवी सोय घालायची नाही, फक्त दुरुस्त्या करायच्या. स्टोअरला नेमके जे पाठवले, त्यावर `v4.7.0` असा टॅग लावून ठेवतात. पुढे 4.7.0 बंद पडल्याची तक्रार आली, तर त्या फोनवर नेमका कोणता मजकूर चालू होता हे टॅगवरून कळते. शाखा पुढे सरकत राहते, टॅग जागचा हलत नाही.

आता समजा, आसन क्रमांक नसलेले जुने तिकीट उघडताच 4.6 बंद पडते. दोष तिन्ही ठिकाणी आहे. दुरुस्ती आधी `main` वर करून तिथून खाली न्यावी:

```
git switch release/4.7
git cherry-pick -x a1b2c3d
git switch release/4.6
git cherry-pick -x a1b2c3d
```

घाईत हा क्रम हमखास उलटतो. दुरुस्ती थेट 4.6 वर होते, सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि 4.7 बाहेर पडताच तोच दोष परत येतो. चेरी-पिक केलेल्या बदलाला प्रत्येक शाखेत नवा ओळख-क्रमांक मिळतो, म्हणून मूळ क्रमांकावरून शाखा तपासल्या तर तो सापडत नाही. `-x` मुळे मूळ क्रमांक नोंदीत लिहिला जातो आणि `git log --grep=a1b2c3d` ने प्रत्येक शाखेत तो शोधता येतो.

खरा पेच स्टोअरच्या दारात असतो. ॲपलकडे आयफोन ॲपची एका वेळी एकच आवृत्ती तपासणीला ठेवता येते. म्हणजे 4.6.1 पाठवायची तर 4.7 मागे घ्यावी लागते. तिकीट काढणेच अडत असेल, तर ती मागे घ्यावी हे बरे: चार ओळींच्या दुरुस्तीत धोका कमी असतो, 4.7 मध्ये मात्र पैसे भरण्याचे नवे पान आहे. दोष किरकोळ असेल, तर तो 4.7 मध्येच मिटवावा. पण 4.7 मंजूर झाली की 4.6.1 चा रस्ता बंद होतो, कारण मंजूर झालेल्यापेक्षा लहान क्रमांक ॲपल स्वीकारत नाही. मग दुरुस्ती 4.7.1 म्हणूनच जाते.

अँड्रॉइडवरही क्रमांक पुढेच जातो. तिथे प्रत्येक बांधणीला `versionCode` हा पूर्णांक असतो आणि अपडेट मोठ्या अंकाचेच पोहोचते. 4.7 दहा टक्के फोनांवर गेल्यावर बिघडली, तर तिचे वितरण थांबवता येते, पण त्या दहा टक्क्यांच्या फोनवरून ती परत काढता येत नाही. 4.6 चाच जुना मजकूर 4.7.1 म्हणून मोठ्या अंकाने पाठवायचा, अशी पळवाट मग सुचते. ती एका ठिकाणी अडते. 4.7 ने फोनमधल्या डेटाबेसची रचना बदलून तिचा क्रमांक 8 वरून 9 केला असेल, तर 8 ची अपेक्षा धरणारा मजकूर तो उघडताना कोसळतो. `SQLiteOpenHelper` मध्ये `onDowngrade` वेगळे लिहिले नसेल तर ठरलेले वर्तन तेच आहे. म्हणून रचनेला हात लावणारा बदल सोडण्याआधी हा परतीचा प्रयोग करून बघावा: 4.7 वरून मोठ्या अंकाची, पण जुन्या मजकुराची बांधणी बसवायची आणि ॲप उघडते का ते पाहायचे.

यावरून कोणती शाखा किती दिवस जिवंत ठेवायची हेही ठरते. 4.6 लाखभर फोनांवर असली तरी तिच्या नावाने स्टोअरला काही पाठवता येत नसेल, तर `release/4.6` सांभाळण्यात अर्थ नाही. शाखा काढून टाकावी, टॅग ठेवावा. अपडेट न करणाऱ्या त्या फोनांसाठी उपाय सर्व्हरवरच करावा लागतो. आसन क्रमांक रिकामा असेल तर 4.6 किंवा त्याआधीच्या ॲपला सर्व्हरने रिकाम्या जागी एक रेघ पाठवली, तरी तिकीट उघडते. तेही शक्य नसेल, तर ॲप सुरू होताच किमान आवृत्ती तपासून अपडेटची सक्ती करता येते. मात्र ती तपासणी 4.6 मध्ये आधीपासून लिहिलेली असायला हवी.